उत्तर: स्टारपेक्षा वार्षिक युनिट पाहा

> पाच स्टार फ्रीज घेतला की बिल कमीच येणार, मग लेबलवरचे बाकीचे आकडे कशाला बघायचे?

हे पूर्ण बरोबर नाही. स्टार फ्रीजच्या आकारमानाच्या हिशोबाने ठरतात, त्यामुळे मोठा पाच स्टार फ्रीज लहान तीन स्टारपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. बिल ठरतं ते लेबलवरच्या वार्षिक युनिटवर. समजा एकावर 240 आणि दुसऱ्यावर 180 लिहिलंय. बाराने भागलं की महिन्याला 20 आणि 15 युनिट, म्हणजे फरक 5 युनिटचा.

आता इथे कुणी न लिहिलेली गोष्ट. या युनिटना बिलाच्या सरासरी दराने गुणू नका. वापर वाढेल तसा दर चढत असेल, तर तुमचं बिल ज्या वरच्या टप्प्यात पोचतं तोच दर धरा, कारण वाचलेले युनिट आधी तिथूनच कमी होतात. मग दोन मॉडेलच्या किमतीतला फरक महिन्याच्या बचतीने भागा, किती महिन्यांत वसूल होईल ते कळतं. मात्र लेबलचा आकडा ठरावीक तापमानातल्या चाचणीचा असतो. तापलेल्या स्वयंपाकघरात, भिंतीला चिकटवून ठेवलेला फ्रीज त्याहून जास्त घेतो, म्हणून उन्हाळ्यासाठी अंदाज थोडा वरचाच ठेवा.