मदत हवी आहे: मोबाइलवरचा प्रीसेट कॉम्प्युटरवर येत नाही, शिवाय एक्स्पोजरचा घोळ

चादरवाली_सोलापूर: आमच्या दुकानातल्या चादरी-टॉवेलचे फोटो मी कॅमेऱ्यावर रॉमध्ये काढते. मोबाइलच्या लाइटरूममध्ये केलेला प्रीसेट कॉम्प्युटरवरच्या लाइटरूम क्लासिकमध्ये दिसतच नाही. अकाउंट एकच आहे. दुसरं म्हणजे प्रीसेट लावला की पांढरा टॉवेल मळकट दिसतो आणि मरून चादर विटकी. प्रत्येक फोटो हाताने सुधारत बसायचं का?

फोटोवेडा: क्लासिकमध्ये सिंक चालू करा, येईल आपोआप.

जुना_डार्करूमवाला: सिंकने फोटो येतील, प्रीसेट नाही. क्लासिक क्लाउडवरचे प्रीसेट घेत नाही. नुसतं ‘लाइटरूम’ नावाचं दुसरं डेस्कटॉप अ‍ॅप त्याच अकाउंटने उघडा, तिथे मोबाइलवरचा प्रीसेट दिसेल. त्यावर राइट-क्लिक करून Export करा. मिळालेली .xmp फाइल क्लासिकच्या Presets पॅनेलमधल्या + वरून Import Presets करा. पुढे मोबाइलवर प्रीसेट बदललात तर हे सगळं पुन्हा करावं लागेल.

आता एक्स्पोजर. प्रीसेट आधीच्या आकड्यात भर घालत नाही, तो आकडाच बदलतो. समजा टॉवेलला तुम्ही +1.00 दिलंत आणि प्रीसेटमध्ये +0.30 आहे, तर लावल्यावर +0.30 उरणार. म्हणून प्रीसेट नव्याने सेव्ह करा आणि तेव्हा Exposure वरची टिक काढा.

रिसेप्शन_किंग: ताई, आमच्याकडे लग्नात एलईडीच्या निळ्या-जांभळ्या लाइटमुळे नवरीचा चेहराच बदलतो, त्याला कुठला प्रीसेट?

जुना_डार्करूमवाला: भाऊ, त्याचा वेगळा धागा काढा. ताई, कॅमेरा ऑटोवर आहे ना?

चादरवाली_सोलापूर: हो, f/5.6, आयएसओ 400 ठेवते, शटर कॅमेरा ठरवतो. उजेड खिडकीचाच. टॉवेलला 1/250, मरूनला 1/60, चौकड्याच्या चादरीला 1/125.

जुना_डार्करूमवाला: मग दुखणं तिथेच आहे. कॅमेऱ्याला सगळंच मध्यम करड्या रंगाचं हवं असतं. पांढऱ्याला तो दाबतो, गडदला उजळवतो. क्लासिकमध्ये चौकड्याची चादर नीट करा. मग ती आधी निवडून बाकीच्या तिच्यासोबत निवडा आणि Develop मध्ये Settings > Match Total Exposures. टॉवेलला साधारण एक स्टॉप वाढेल, मरूनला एक कमी होईल. हे गणित फक्त शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओवरून होतं. मध्येच ढग आला किंवा कोणी ट्यूबलाइट लावली, तर त्याला कळत नाही. त्यापेक्षा मॅन्युअलवर 1/125 ठेवून सगळं काढा, पांढऱ्याचा हायलाइट फुटत नाही ना तेवढं हिस्टोग्रामवर बघा.

फोटोवेडा: मोबाइलवर Auto दाबलं तरी भागतं की.

जुना_डार्करूमवाला: एका फोटोपुरतं. पण Auto प्रत्येक फोटो वेगळा बघतो, त्यामुळे एकाच टॉवेलचे दोन फोटो दोन उजेडांत काढल्यासारखे दिसू शकतात.

चादरवाली_सोलापूर: प्रीसेट आला! टॉवेल एकदम पांढराशुभ्र झाला. मरून मात्र आता काळपट वाटतोय, गिऱ्हाईकाला खरा रंग कळायला हवा. आणि फोनवर काढलेल्या जेपीजीला हाच प्रीसेट लावला की कॉन्ट्रास्ट फारच कडक येतो. त्यासाठी वेगळाच प्रीसेट ठेवता का तुम्ही लोक?