मदत हवी आहे: रिप्ले बफर ६० सेकंदांचा, क्लिप मात्र ४० चीच

ओबीएसमध्ये रिप्ले बफर ६० सेकंद आणि मेमरी मर्यादा ५१२ एमबी ठेवली आहे. १०८०पी, ६० एफपीएस, एनव्हेंक, CQP २०. शांत दृश्यात पूर्ण मिनिट सेव्ह होतं, पण धावपळीच्या लढाईत ४० सेकंदच मिळतात. हिशेब केला: ५१२ एमबीत मिनिट बसवायचं तर सरासरी ६८ एमबीपीएसच्या आत हवी, CQP त्यापुढे जातो.

CBR २० एमबीपीएस करून पाहिलं. क्लिप १५० एमबीची झाली, पण गवत फार फाटतं आणि तेच मला खुपतं.

रॅम १६ जीबी, त्यातली ११ गेमच खातो. एसएसडीवर ४० जीबी मोकळी. नवीन ड्राइव्हचे भाव सीताबर्डीत विचारून आलो, सध्या जमणार नाही.

CQP २४ करू की CBR ३५? वेगवान दृश्यात गवत कशात टिकेल?