अनुभव धागा: जुना पीसी गेमसाठी जोखताना धूळ, झिजलेले पंखे आणि वाळलेली पेस्ट किती धरायची?

टिळकवाडीकर: भाच्याला जुना पीसी मिळतोय. आय५-४५९० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय कार्ड, आणि बाकी सगळं त्याच वयाचं. ह्याच जोडीवर जीटीए ५ कसा चालतो त्याचे व्हिडिओ बघून पोरगं हुरळलंय. विकणारा मात्र प्रामाणिक निघाला. म्हणाला, "त्या व्हिडिओतल्यापेक्षा पाव हिस्सा कमीच धरा, आत धूळ आहे, पंखा वाजतो आणि पेस्ट कधीच बदललेली नाही." माझा प्रश्न एवढाच, की असा पाव हिस्सा वजा करणं बरोबर आहे का? ज्यांनी जुनी मशीन वापरलीत त्यांनी काय दिसलं ते सांगा. नवा घ्या असा सल्ला नको.

वडगावचा माग: आमच्या घरात माग आहेत, आणि पीसी शेजारच्या खोलीत. सुताची धूळ पावडरीसारखी पसरत नाही. ती प्रोसेसरच्या पंख्यातून आत जाते आणि खालच्या पात्यांवर गोधडीसारखी बसते. वरून पंखा स्वच्छ दिसतो, त्यामुळं मला बरेच दिवस काही कळलंच नाही. सीएस २ ची पहिली मॅच मस्त जायची, दुसऱ्या मॅचच्या मध्याला अडखळायला लागायचं. पडद्यावर प्रोसेसरचा वेग लावून बघितला तर ३.५ गिगाहर्ट्झवरून २ च्या खाली आलेला. पंखा सोडवला आणि चिमट्यानं ती अख्खी चादर एका तुकड्यात उचलली. त्यानंतर शेवटची मॅच पण पहिल्यासारखीच चालली. पण नीट बघा, पहिल्यापेक्षा जास्त नाही चालली. मशीनची मूळ ताकद होती तेवढीच परत आली.

निपाणीतला: पेस्टनं फरक पडतोच, मी केलंय. तंबाखूच्या वखारीजवळ दुकान आहे, तिथली धूळ चिकट असते. पेस्ट बदलल्यावर तापमान ८८ वरून ७० वर आलं. १८ डिग्री! म्हणजे वीस टक्के तरी स्पीड वाढला असणार. खेळताना जाणवतं की.

सर्व्हिसवाली, शहापूर: दादा, एफपीएस मोजलात का? ४५९० ची मर्यादा १०० डिग्री. तिथं पोचेपर्यंत तो वेग सोडत नाही. ८८ ला पण तेवढाच पळतो आणि ७० ला पण तेवढाच. तुम्हाला जाणवलं ते बहुतेक पंखा गप्प झाल्याचं सुख. ग्राफिक्स कार्डापुरतं मात्र तुमचं थोडं खरं आहे. १०५० टीआयच्या पिढीची कार्डं तापत जातील तसा वेग बारीक बारीक पायऱ्यांनी उतरवतात, मर्यादेच्या बरंच आधीपासून. पण ती घट किरकोळ असते, पाव हिस्सा नव्हे.

टिळकवाडीकर, म्हणून सरसकट वजाबाकी करू नका. धुळीमुळं एक तर काहीच जात नाही, नाहीतर निम्मा वेग पण जाऊ शकतो. मधला आकडा अंदाजानं ठरवता येत नाही, मशीन चालवूनच बघावं लागतं. HWiNFO64 लावा आणि तापमानापेक्षा वेगाकडं बघा. तिथं प्रोसेसरच्या ओळींत Thermal Throttling पुढं Yes आलं, की उष्णता खेळ खातेय असं समजा. मशीन थंड असताना गेम सुरू करा, सुरुवातीचा एफपीएस बघा, आणि वीसेक मिनिटांनी त्याच जागी परत बघा. हळूहळू घसरला तर हवा अडलीय, म्हणजे धूळ किंवा मंद पंखा. सुरुवातीपासूनच कमी असेल आणि वेग मात्र टिकून असेल, तर धुळीचा काही संबंध नाही. ती त्या पार्टांचीच कुवत.

ह्यात एक फसवणूक आहे. पेस्ट पार वाळली असेल किंवा इंटेलच्या कूलरच्या चार पिनांतली एक जरी बोर्डावरून सुटली असेल, तर तापमान मिनिटांत नाही, काही सेकंदांत ९५ च्या वर उडी मारतं. मग पहिला एफपीएस पण पडकाच दिसतो आणि माणूस प्रोसेसरलाच म्हातारा ठरवतो. गेम बंद केल्यावर तेवढ्याच झटक्यात खाली आलं, तर संशय पेस्टवर आणि पिनांवर. कूलर हलवून बघा, डुगडुगला तर पेस्टला हात लावायच्या आधी पिना बसवा.

खानापूर हॉस्टेल: लॅपटॉपला हे लागू नाही हां. मी उघडून साफ केला, चांगली पेस्ट लावली, तरी ९५ ला जातो आणि वेग पडतोच. आधी पाच मिनिटांत पडायचा, आता पंधरा मिनिटांत.

सर्व्हिसवाली, शहापूर: बरोबर, पातळ लॅपटॉपचा कूलरच मुळात अपुरा असतो, नवा असताना पण तो पडतच होता. शिवाय त्याच नावाचं कार्ड एका लॅपटॉपमध्ये जास्त वॉटवर चालतं, दुसऱ्यात कमी. त्यामुळं लॅपटॉपचा व्हिडिओ बघताना मॉडेल पण तेच हवं.

अथणीहून: माझा तर खेळता खेळता फट्कन बंदच पडतो. पेस्ट बदलली, धूळ काढली. एप्रिलमध्ये जास्त. अपेक्षा किती कमी करू?

वडगावचा माग: अपेक्षा नाही हो, आधी पॉवर सप्लाय बघा. 😄 बंद पडताना तापमान किती असतं?

अथणीहून: सत्तर-पंचाहत्तर.

सर्व्हिसवाली, शहापूर: मग प्रोसेसर नाही तापत. उष्णतेनं आधी वेग कमी होतो, बंद पडणं फार पुढची गोष्ट. माझा पण संशय पॉवर सप्लायवर. त्याचा स्वतःचा पंखा फिरतो का बघा, पण त्याचा डबा उघडू नका, प्लग काढल्यावर पण आत करंट राहतो. आणि एप्रिलचं म्हणाल तर खोली दहा डिग्रीनं तापली की आतलं सगळंच साधारण तेवढं वर जातं. डिसेंबरात बेळगावात तपासलेलं मशीन उन्हाळ्यात अथणीला तसंच वागेल असं नाही.

निपाणीतला: पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरनं धूळ मारली तर चालते का? मी तेच करतो.

सर्व्हिसवाली, शहापूर: टाकीत पाणी साठलेलं असतं, ते फवाऱ्यासारखं बोर्डावर जातं. मारायचंच असेल तर आधी पाणी सोडून द्या, लांबून मारा, आणि पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेनं बेफाम फिरला की बेअरिंग जातं.

टिळकवाडीकर: काल विकणाऱ्याच्या घरी जाऊन बघितलं. थंड मशीनवर जीटीए ५ लावला, तासभर पोराला खेळू दिलं. प्रोसेसर ८४ पर्यंत गेला, वेग ३.५ वर ठाम, Thermal Throttling पुढं No. धूळ पोतंभर असून पण! एफपीएस सुरुवातीला होता तेवढाच शेवटी. पण शहरात जोरात गाडी पळवली की अडखळायचा, आणि ते अगदी पहिल्या मिनिटापासून.

वडगावचा माग: गेम हार्ड डिस्कवर आहे का? आणि रॅम एकच पट्टी असणार.

टिळकवाडीकर: दोन्ही हो. म्हणजे पाव हिस्सा वजा करायचं कारण धूळ नव्हतंच. एसएसडी आणि दुसरी ८ जीबीची पट्टी किमतीतून वळती करून घेतली, त्यालाही पटलं. राहिला कार्डाचा पंखा. थंड असताना खरखरतो, गरम झाला की गप्प. तेल घालून चालेल का?

सर्व्हिसवाली, शहापूर: थेंबभर तेलानं काही दिवस गप्प बसेल. पण थंडीत खरखरणारं बेअरिंग झिजलेलंच असतं, एक दिवस फिरायचं थांबेल. मग मात्र कार्डाचा वेग खरंच पडेल. पंखा बदलाच.

टिळकवाडीकर: ह्या कार्डाचा पंखा बेळगावात कुणाला मिळालाय का? तीन दुकानं फिरलो, सगळे म्हणाले अख्खं कार्ड बदला.

खानापूर हॉस्टेल: मी ऑनलाइन मागवला होता दुसऱ्या कार्डासाठी. भोकांमधलं अंतर जुळलं, प्लग जुळला नाही. ऑर्डर करायच्या आधी दोन्हींचे फोटो काढून ठेवा.