दाळ मिलच्या निवड टेबलावर कामाची फिरती लावावी का? सल्ला हवा

तूरवाला_दारव्हा
गटाच्या दाळ मिलमध्ये निवड टेबलावर आठ बाया आहेत. दिवसभर खडा, टरफल अन् न फुटलेला दाणा म्हणजे गोटा वेचायचा, बस. जेवणानंतर नजर हटते, पोत्यात गोटा राहतो, भर हंगामात दोघीतिघी काम सोडतात. निवड, भरणी, शिलाई अशी दर दोन दिवसांनी फिरती लावायचा विचार आहे. मजुरी वेचलेल्या किलोवर आहे. जमेल का?

रेचा_हिंगणघाट
लावा बिनधास्त. काम बदललं की कंटाळा जातो. आम्हीपण यंदा कापूस टाकणाऱ्या बायांना रेच्यावर फिरवणार आहोत.

शेषराव_काका
दिवसाला किती पडतात त्यांना? मजुरी वाढवा, कोणी जात नाही.

कामरचना_अमरावती
तूरवाले भाऊ, फिरतीने कामातली विविधता तेवढी वाढते. हॅकमन आणि ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात कामाचे पाच गुण मांडले: कौशल्यांची विविधता, काम पूर्ण आपल्या हातून होणं, त्याचं इतरांसाठी महत्त्व, स्वतः ठरवायची मोकळीक आणि कामाचा निकाल कळणं. प्रत्येकाला १ ते ७ गुण द्यायचे. पहिल्या तिघांची सरासरी काढून तिला मोकळीक आणि निकाल यांच्या गुणांनी गुणायचं.

तुमचं टेबल अंदाजाने मांडते. विविधता २, पूर्णता २, महत्त्व ५, म्हणजे सरासरी ३. मोकळीक २ अन् निकाल २. गुणाकार १२. फिरतीने विविधता ५ झाली, तर सरासरी ४ अन् गुणाकार १६. आता फिरती सोडा, विविधता २ च राहू द्या. पूर्णता ५, मोकळीक ४, निकाल ५ करा. सरासरी तीच ४, पण गुणाकार ८०.

ते असं करा. चौघींचं एक टेबल घ्या आणि एका शेतकऱ्याची पूर्ण लॉट त्यांच्याकडेच द्या. निवड, भरणी, शिलाई तिथेच, पोत्यावर टेबलाचा नंबर. नुसती भरणी-शिलाई अंगावर टाकली तर ते ओझं होतं. लॉट एकच असेल तरच ‘हे पोतं आमचं’ वाटतं. दर पोत्यातून १०० ग्रॅम नमुना काढून खडा, टरफल, गोटा त्यांनीच मोजायचा अन् टेबलाजवळच्या फळ्यावर लिहायचा. गोटा ठरल्या मर्यादेवर गेला तर माल परत मशीनवर पाठवायचा निर्णय त्यांचा, सुपरवायझरला विचारायचं नाही. दुकानदाराची तक्रार आली तर फोन टेबलावरच द्यायचा.

सगळ्यात आधी मोडतं ते सुपरवायझरपाशी. माल परत पाठवला की दिवसाचं उत्पादन घटतं, मग तो म्हणतो, ‘आजच्यापुरतं जाऊ द्या.’ दोन आठवड्यांत एकदाही माल परत गेला नाही, अन् फळ्यावर गोटा मात्र दिसतोय, तर समजा अधिकार नावालाच आहे.

काकांचं म्हणणंही सोडू नका. मजुरी उशिरा किंवा कमी मिळत असेल तर असले बदल लागू पडत नाहीत. अन् किलोवर मजुरी ठेवून नमुना मोजायला लावलं, तर मोजण्याच्या वेळेचे पैसे बुडतात. मोजणी आपोआप बंद पडेल. निदान पहिले तीन आठवडे रोजाने द्या.

अकोला_प्राध्यापिका
गुणाकार फार मनावर घेऊ नका. नंतरच्या अभ्यासांत पाच गुणांची साधी बेरीजही जवळपास तितकीच उपयोगी ठरली. बेरजेने ताईंच्या उदाहरणात १३, १६ अन् २१ येतात. क्रम तोच, फरक मात्र इतका मोठा नाही. शिवाय सगळ्यांनाच जबाबदारी हवी असते असं नाही. घरी जनावरं, पोरं सांभाळून येणारीला ठरलेलं काम अन् ठरलेली सुटीची वेळच बरी वाटू शकते. आधी विचारा, ज्या हो म्हणतील त्यांचंच टेबल करा.

रेचा_हिंगणघाट
मग माझी फिरती करायचीच नाही का?

कामरचना_अमरावती
तुमचं निराळं आहे, भाऊ. रेच्यावर बोटं जातात. मशीन थांबवणं, अडकलेला कापूस वीज बंद करूनच काढणं शिकवल्याशिवाय फिरवूच नका. दोन दिवसांची फिरती तर तिथे घातकच. पण टेबलावर मान-डोळे आखडतात, तिथे दर दोन तासांनी जागा बदलणं चांगलं. ती फिरती अंगदुखीसाठी आहे, मन लागण्यासाठी तिच्यावर विसंबू नका.

तूरवाला_दारव्हा
चार जणी हो म्हणाल्या. फळा लावतो, पण तक्रारीचा फोन टेबलावर द्यायला सुपरवायझर तयार नाही. तो म्हणतो, मग माझं काम काय?

अकोला_प्राध्यापिका
त्याला शेतकऱ्याकडून माल घेतानाची ओल अन् तेल-वाळवणीची वेळ याची नोंद द्या. गोटा तिथूनच वाढतो, टेबल तो फक्त पकडतं.

शेषराव_काका
अन् रोजाने दिल्यावर वेचणी मंदावली तर?

तूरवाला_दारव्हा
तीच धास्ती आहे, काका. रोजाचा आकडा अजून ठरला नाही.