मदत हवी आहे: आडनाव नसलेल्या तमिळ नावाचे अर्ज कसे भरावेत?

माझे जावई चेन्नईचे असून त्यांच्या घराण्यात आडनाव लावण्याची रीत नाही, ‘आर. कार्तिक’मधील ‘आर’ म्हणजे वडिलांचे नाव, रामनाथन. पॅनच्या अर्जात आद्याक्षर चालत नाही आणि आडनावाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून तेथे त्यांनी नाइलाजाने ‘रामनाथन’ लिहिले, जरी त्या नावाने हाक आली की वडिलांनाच बोलावल्यासारखे त्यांना वाटते. पासपोर्टवर मात्र आडनाव रिकामे असून स्वतःच्या नावाच्या रकान्यात ‘कार्तिक रामनाथन’ आहे. अमेरिकी व्हिसाच्या अर्जात अशा वेळी संपूर्ण नाव आडनावाच्या रकान्यात आणि पहिल्या नावाच्या जागी FNU, म्हणजे ‘पहिले नाव अज्ञात’, असे लिहितात, हे आम्हांला समजले. परंतु विमानाच्या तिकिटावर, जेथे दोन्ही रकाने सक्तीचे आहेत, काय लिहावे? की आधी पासपोर्टवरच नाव विभागून घ्यावे? अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.