मदत हवी आहे: एकाच मापाच्या दोन टायरांपैकी एक रिसोल केलेला असावा का?

सावध_चालक:
नमस्कार. मी गाडीसाठी १८५/६५ आर १५ या मापाचे, एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे दोन टायर नवीन म्हणून घेतले असून ते अद्याप रिमवर चढवलेले नाहीत. दोघांवरही डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी १४२३ हे आकडे आहेत. त्याचा अर्थ २०२३ सालचा चौदावा आठवडा, म्हणजे एप्रिलचा आरंभ, असा मी लावला आहे. पहिल्या टायरवर हे आकडे एका लंबगोल चौकटीत स्वच्छ उमटलेले आहेत. दुसऱ्यावर मात्र चौकटीची किनार अर्धवट पुसट आहे, आकडे किंचित जाड आहेत आणि तिरका उजेड पाडला असता त्यांच्याभोवती पॉलिश पेपरने घासल्यासारख्या बारीक रेषा दिसतात. दोन्ही टायरांच्या खाचांची खोली साधारण पावणेआठ मिलिमीटर भरते. दुसरा टायर रिसोल केलेला, म्हणजे जुन्यावर नवे रबर चढवलेला आहे की केवळ त्याची तारीख बदललेली आहे, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

हायवे_मित्र:
तारखेभोवती वेगळी चौकट दिसली की आकडे नंतर चिकटवलेले असतात, असे मला एका जाणकाराने सांगितले होते. शिवाय नव्या टायरवर रबराचे केस असतात. ते नसतील तर टायर जुना समजावा. या हिशेबाने तुमचे दोन्ही टायर संशयास्पद ठरतात.

साचेकर:
मी अनेक वर्षे टायरच्या साच्यांचे काम केले आहे, त्यामुळे वरील दोन्ही मुद्द्यांत दुरुस्ती करावीशी वाटते. आठवडा दर सात दिवसांनी बदलतो आणि त्यासाठी कोणी सबंध साचा बदलत नाही. तारखेचा छोटा पत्रा साच्यात वेगळा बसवलेला असतो आणि तेवढाच बदलला जातो. त्यामुळे त्याची चौकट, कधी कधी तर स्क्रूच्या डोक्याचा ठसासुद्धा, रबरावर उमटणे हे अस्सलपणाशी सुसंगतच आहे. चौकट नसून चौकटीच्या आतले रबर खरवडलेले असणे ही खरी खूण आहे, आणि दुसऱ्या टायरवर आपण तेच वर्णन केले आहे. केसांचे म्हणाल, तर ते साच्यातून हवा बाहेर पडण्याच्या भोकांत शिरलेले रबर असते. काही साच्यांत अशी उघडी भोके नसतातच, आणि साच्यात घालून रिसोल केलेल्या टायरवरही केस येऊ शकतात, म्हणून त्यांच्या असण्यानसण्यावरून काहीही ठरवू नये.

सावध_चालक, आपण दोन गोष्टी मोजाव्यात. साइडवॉलच्या वरच्या कडेला छोटे त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरे असतात. त्यांच्या सरळ रेषेत मुख्य खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचा आडवा उंचवटा असतो, आणि तो नक्षीच्या पातळीला आला की टायर संपला असे मानतात. पहिल्या टायरवर त्रिकोण आणि उंचवटा कसे जुळतात ते आधी पाहावे व नंतर दुसऱ्यावर तीच जुळणी तपासावी. साइडवॉल जुनी आणि वरची नक्षी नवी असेल, तर रिसोल करणाऱ्याच्या साच्यातले उंचवटे जुन्या त्रिकोणांसमोर येतीलच असे नसते. दुसरी गोष्ट म्हणजे खाचेचा तळ आणि ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा. गोटा झालेल्या टायरला गरम पात्याने कटिंग मारलेले असेल, तर मुख्य खाचा खोल होतात, पण बारीक चिरा पुन्हा कोरत बसण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. खाच सहा मिलिमीटर आणि शेजारची चीर जेमतेम एक मिलिमीटर, असा विजोड मेळ तेथे सापडतो. खाचेतला उंचवटाही अनेकदा पात्याखाली कापला गेलेला असतो.

दुचाकीवर_भटका:
माझ्या मोटारसायकलच्या मागच्या टायरवर पिवळा ठिपका आहे आणि तारीख मात्र कोठेच सापडत नाही. म्हणजे तोही बनावट म्हणायचा का? आणि माझ्या खाचांतले उंचवटे १.६ पेक्षा बरेच कमी उंचीचे वाटतात.

साचेकर:
ठिपक्याचा तारखेशी संबंध नाही. पिवळा ठिपका बहुधा टायरची हलकी बाजू दाखवतो, ती व्हॉल्व्हजवळ ठेवतात. संपूर्ण संकेतांक पुष्कळ टायरांवर एकाच बाजूला असतो, त्यामुळे दुसरी बाजू वाकून पाहावी. मोटारसायकलच्या टायरांचे उंचवटे मोटारीपेक्षा कमी उंच असणे सर्वसाधारण आहे. मात्र आपला प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी स्वतंत्र धागा काढलात तर बरे होईल.

सावध_चालक:
सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. आज दोन्ही टायर शेजारी ठेवून मोजमाप केले. पहिल्या टायरवर सहा त्रिकोण आहेत आणि प्रत्येकासमोर उंचवटा आहे. दुसऱ्यावरही त्रिकोण सहाच आहेत, परंतु प्रत्येक उंचवटा आपल्या त्रिकोणापासून सुमारे चार सेंटिमीटर एकाच दिशेला सरकलेला आहे. दोघांच्याही बारीक चिरा पाच मिलिमीटरच्या आसपास खोल आहेत. याखेरीज दुसऱ्या टायरच्या खांद्यावर, नक्षी जेथे संपते तेथे, एक रेषा सर्वत्र फिरलेली दिसते.

हायवे_मित्र:
अशी रेषा माझ्या नव्या टायरवरही आहे, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नये. आतून पंक्चरचे ठिगळ नसेल तर टायर नवाच समजावा, असे माझे मत आहे.

साचेकर:
रेषेबद्दल हायवे_मित्र यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. साच्याचे भाग जेथे एकमेकांना मिळतात, तेथे नव्या टायरवरही कागदासारखी पातळ, सर्वत्र एकाच उंचीची कड उमटते. नवे रबर जेथे जुन्यावर संपते, तेथे मात्र बारीक पायरी असते. ती जागोजागी थोडी वरखाली होते, नख फिरवले असता अडकते आणि तिच्या वरची व खालची काळी छटा एकसारखी नसते. ठिगळाचा निकष मला मान्य नाही, कारण कधीही पंक्चर न झालेला जुना टायरही रिसोल होऊ शकतो. त्याऐवजी बीड, म्हणजे रिमला टेकणारी टायरची आतली कड, पाहावी. रिमवर कधीच न चढलेल्या टायरच्या बीडवर घासल्याची सलग चकचकीत पट्टी असण्याचे कारण नाही.

चिरा खोल आहेत, म्हणजे कटिंगची शक्यता बाजूला पडते. सहाही उंचवटे सारख्याच अंतराने सरकलेले असणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. तयार नक्षीची पट्टी गुंडाळून चिकटवली असती, तर सांध्यापाशी उंचवट्यांमधले किंवा ठोकळ्यांमधले अंतर बिघडण्याचा संभव होता. येथे अंतर सर्वत्र सारखे आहे, म्हणून साच्यात घालून संपूर्ण नक्षी नव्याने उमटवली असावी.

सावध_चालक:
नख दोन ठिकाणी स्पष्ट अडकले, उर्वरित घेरात नाही. एका बाजूच्या बीडवर सलग चकचकीत पट्टी आहे, दुसऱ्या बाजूला तशी दिसत नाही. विक्रेत्याचे म्हणणे असे की टायर एकदा दाखवण्यासाठी रिमवर चढवून काढला होता.

साचेकर:
दाखवण्यापुरता चढवला असता, तरी हवा भरल्यावर दोन्ही बाजू रिमला टेकल्या असत्या, त्यामुळे या खुलाशाने एका बाजूच्या पट्टीचे कोडे सुटत नाही. अर्थात जुना वापर झाला असता, तरी दोन्ही बाजूंना खूण अपेक्षित होती, म्हणून या एका पुराव्यावर मी भर देणार नाही. सरकलेले उंचवटे, अडकणारी पायरी आणि खरवडलेली तारीख या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर मी स्वतः हा टायर गाडीला लावणार नाही. जुना सांगाडा किती वर्षांचा आहे, हे मूळ आकडे गेल्यामुळे आता त्यावरून वाचता येणार नाही.

सावध_चालक:
पहिला टायर ठेवून दुसरा परत करत आहे. तत्पूर्वी तारखेच्या जागेची आणि त्रिकोणांची, शेजारी पट्टी धरून, छायाचित्रे काढून ठेवली आहेत. खरवडलेल्या जागी जुन्या आकड्यांचा एखादा अवशेष तिरक्या उजेडात वाचण्याचा प्रयत्न कोणी केला असल्यास कृपया कळवावे. मला पहिला आकडा ३ असल्याचा भास होतो.