शब्दचर्चा : ‘लाँग सर्व्हिस लाइन’ला मराठीत काय म्हणावे, आणि ‘रेषेवर’ म्हणजे आत की बाहेर?

अनुराधा :
बॅडमिंटनच्या कोर्टावरील रेषांविषयी नवख्या खेळाडूंसाठी एक मराठी टिपण लिहीत आहे आणि दोन शब्दांपाशी अडले आहे. ‘लाँग सर्व्हिस लाइन’साठी मी प्रथम ‘लांब सर्व्हिस रेषा’ असे लिहिले होते. परंतु वाचणाऱ्या मुलीने लगेच विचारले की ही रेषा लांब कशी, ती तर मागच्या सीमारेषेइतकीच आहे. तिचे म्हणणे खरे आहे. दुसरी अडचण अशी की दुहेरीत हे नाव मागच्या सीमारेषेच्या थोडी आत असलेल्या रेषेला आहे, तर एकेरीत तेच नाव खुद्द मागच्या सीमारेषेलाच लागू होते. एकच संज्ञा दोन वेगळ्या रेषांना मराठीत कशी वापरावी?

मेधा :
मी गेली अनेक वर्षे खेळते. आम्हाला शिकवताना एक सोपे सूत्र सांगितले होते : एकेरीला आतल्या रेषा, दुहेरीला बाहेरच्या. तुम्ही टिपणात ‘आतली रेषा’ आणि ‘बाहेरची रेषा’ एवढेच लिहावे, म्हणजे ‘लाँग’ या शब्दाच्या वाट्याला जाण्याची गरज उरणार नाही.

विश्वास :
मेधाताई, तुमचे सूत्र बाजूच्या रेषांपुरते अगदी बरोबर आहे, सर्व्हिसलाही आणि रॅलीलाही. दुहेरीचे कोर्ट 6.10 मीटर रुंद असते आणि एकेरीचे 5.18 मीटर, त्यामुळे दोन्ही बाजूंना 46 सेंटिमीटरची जी पट्टी राहते ती एकेरीत कधीच मोजली जात नाही आणि दुहेरीत नेहमी मोजली जाते. पण मागच्या टोकाला हे सूत्र नुसते चुकत नाही, उलटे होते. तेथे आतली रेषा दुहेरीची आहे, तीही केवळ सर्व्हिसपुरती. एकेरीत तिला काहीही अर्थ नाही, आणि दुहेरीतही सर्व्हिस परतवली गेली की ती नसल्यासारखीच.

मी काही वर्षे लाइनपंच म्हणून खुर्चीवर बसलो आहे आणि या सूत्रामुळे झालेले वाद पुष्कळ पाहिले आहेत. त्यातला एक नेहमीचा प्रसंग सविस्तर सांगतो, कारण अनुराधाताईंच्या शब्दाचे उत्तर त्यातच आहे.

दुहेरीचा सामना, गुण 13–12. सर्व्हिस करणाऱ्या बाजूचे गुण विषम असल्यामुळे सर्व्हिस डाव्या कोर्टातून होते आणि कर्णरेषेत समोरच्या डाव्या कोर्टात जायला हवी. सर्व्हिस करणारा आखूड सर्व्हिसचा पवित्रा घेतो आणि शेवटच्या क्षणी मनगटाच्या झटक्याने शटल उंच उडवतो. घेणारा पुढे झुकलेला असल्यामुळे त्याला मागे जाता येत नाही, तो शटल सोडून देतो, आणि ते मागच्या दोन रेषांच्या बरोबर मधोमध पडते. दोन रेषांमधली मोकळी जागा 72 सेंटिमीटर असते, म्हणजे शटल मागच्या सीमारेषेच्या चांगले आत आहे. सर्व्हिस करणारी जोडी सीमारेषेकडे बोट दाखवून ‘आत’ म्हणते. पण दुहेरीच्या सर्व्हिससाठी कोर्ट आतल्या रेषेशीच संपते. त्यामुळे शटल बाहेर, गुण समोरच्या जोडीला, धावफलक 13–13.

आता कल्पना करा की घेणाऱ्याने तेच शटल कसेबसे उडी मारून परतवले. त्या क्षणी सर्व्हिसची कोर्टे संपली आणि रॅलीचे कोर्ट सुरू झाले. चार फटक्यांनंतर कोणी त्याच ठिकाणी, त्याच दोन रेषांच्या मधोमध शटल टाकले तर ते निःसंशय आत. जागा तीच आणि शटलही तेच असले, तरी निर्णय उलटा होतो. तसेच सर्व्हिस सोडून दिली असती तर बाहेर पडलीच असती, पण ती घेतली म्हणून रॅली चालू राहिली, ही गोष्टही नवख्यांना सांगितली पाहिजे. ‘ती बाहेर जात होती’ अशी तक्रार नंतर करता येत नाही.

एकेरीत तीच सर्व्हिस लांबीने योग्य ठरली असती. मात्र एकेरीचे सर्व्हिस कोर्ट बाजूने अरुंद असल्यामुळे, बाजूच्या पट्टीत पडली असती तर बाहेर. दुहेरीचे सर्व्हिस कोर्ट रुंद आणि तोकडे, एकेरीचे अरुंद आणि लांबट, एवढे चित्र डोळ्यांपुढे राहिले की आतली-बाहेरची हे सूत्र पाठ करावे लागत नाही.

अनुराधा :
म्हणजे ‘लाँग’ हे रेषेचे विशेषण नसून सर्व्हिसचे आहे, असे म्हणायचे का?

विश्वास :
माझे वाचन तसेच आहे. सर्व्हिस जेथपर्यंत पोहोचलीच पाहिजे ती एक रेषा, आणि जिच्यापलीकडे जाता कामा नये ती दुसरी. पहिली जाळीपासून 1.98 मीटरवर आहे. तिच्या अलीकडे पडलेली सर्व्हिस तोकडी, दुसरीच्या पलीकडे पडलेली लांब. या अर्थाने पाहिले की एकेरी आणि दुहेरीत एकच नाव दोन वेगळ्या रेषांना का आहे हेही उलगडते, कारण नाव रेषेच्या जागेचे नसून तिच्या कामाचे आहे.

गिरीश :
मग ‘अलीकडची सर्व्हिस रेषा’ आणि ‘पलीकडची सर्व्हिस रेषा’ हे शब्द मराठीत सहज चालतील. बोलतानाही कोणी अडणार नाही.

मेधा :
अलीकडची, पण कोणाच्या? सर्व्हिस करणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर ठीक आहे. पण घेणाऱ्याला जाळीजवळची रेषा समोर आणि दुसरी पाठीमागे असते. शिवाय प्रत्येक खेळाडूच्या स्वतःच्या बाजूलाही याच रेषा आहेत आणि त्याला आपल्या जाळीजवळच्या रेषेच्या मागे उभे राहावे लागते. मला ‘जाळीजवळची सर्व्हिस रेषा’ आणि ‘मागची सर्व्हिस रेषा’ अधिक बरे वाटते. माझे सूत्र मागच्या टोकाला चुकते हे मान्य. खरे सांगायचे तर दुहेरीत मी उंच सर्व्हिस फारशी करतच नाही, म्हणून ते कधी लक्षात आले नसावे.

श्रीनिवास :
विषय रेषांचा आहे म्हणून माझी अडचण मांडतो. गेल्या आठवड्यात सर्व्हिस करताना माझ्या बुटाचे टोक जाळीजवळच्या रेषेवर होते आणि समोरच्यांनी फॉल्ट मागितला. मी म्हणालो की रेषेवर म्हणजे आत, हे तर सर्वांनाच माहीत आहे. शटल रेषेवर पडले तर आत धरता, मग माझा पाय बाहेर कसा? तो गुण मला मिळायला हवा होता असे मला अजूनही वाटते.

विश्वास :
श्रीनिवासराव, मूळ प्रश्न पायाचा नव्हता, पण तुम्ही अनुराधाताईंच्या दुसऱ्या शब्दावर नेमके बोट ठेवले आहे. नियम असा आहे की प्रत्येक रेषा ज्या क्षेत्राची हद्द दाखवते त्या क्षेत्राचाच भाग असते, म्हणून शटल रेषेला टेकले तर ते आत. परंतु सर्व्हिस करणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आपापल्या सर्व्हिस कोर्टात, हद्दीच्या रेषांना स्पर्श न करता उभे राहायचे असते. सर्व्हिस होऊन जाईपर्यंत पाय रेषेला लागला तर फॉल्ट. तुमच्यावर दिलेला निर्णय बरोबर होता. रॅली सुरू झाल्यावर मात्र तुमचा पाय यांपैकी कोणत्याही रेषेवर पडला तरी कोणी विचारणार नाही.

म्हणून ‘रेषेवर’ हा शब्द एकटा वापरू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. ‘शटल रेषेला टेकल्यास आत’ आणि ‘पाय रेषेला लागल्यास फॉल्ट’ अशी दोन पूर्ण वाक्ये लिहावीत.

गिरीश :
मग मधल्या रेषेचे काय? ती उजव्या सर्व्हिस कोर्टाची की डाव्या? रेषा जर क्षेत्राचा भाग असेल तर ती एकाच क्षेत्राची असू शकेल, किंवा अर्धी-अर्धी वाटून द्यावी लागेल.

विश्वास :
वाटून द्यावी लागत नाही, ती पूर्णपणे दोघांची असते. सर्व्हिस उजवीकडून असो वा डावीकडून, शटल मध्यरेषेला टेकले की आत. रेषा 4 सेंटिमीटर रुंद असते. दुहेरीचे एक सर्व्हिस कोर्ट बाजूच्या रेषेच्या बाहेरच्या कडेपासून मध्यरेषेच्या दूरच्या कडेपर्यंत मोजले तर 3.07 मीटर भरते, आणि अशा दोन कोर्टांची बेरीज 6.14 होते, जरी सबंध कोर्ट 6.10 मीटरच रुंद असले तरी. वरचे 4 सेंटिमीटर म्हणजे दोनदा मोजलेली मध्यरेषा. सर्व्हिस झाल्यावर या रेषेचेही काम संपते, जाळीजवळच्या रेषेचेही. नाहीतर जाळीलगत अलगद टाकलेले प्रत्येक शटल बाहेर ठरले असते.

मेधा :
बाजूच्या पट्टीला आम्ही ‘गल्ली’ म्हणतो. तो शब्द टिपणात घ्याल का?

अनुराधा :
बाजूच्या पट्टीला ‘गल्ली’ शोभतो, कारण ती कोर्टाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाते. पण मग मागच्या 72 सेंटिमीटरच्या पट्टीला काय म्हणावे? दोन्हींना ‘गल्ली’ म्हटले तर मेधाताईंच्या सूत्रासारखाच घोटाळा होईल, कारण बाजूची पट्टी दुहेरीत नेहमी आत, आणि मागची पट्टी दुहेरीच्या सर्व्हिसला बाहेर पण रॅलीत आत.

‘मागची सर्व्हिस रेषा’ हा शब्द घेत आहे, आणि प्रत्येक वेळी ‘दुहेरीची’ किंवा ‘एकेरीची’ हे पद त्याच्या आधी लावणार आहे. आतापर्यंतच्या चर्चेवरून असे लिहिले आहे : ‘दुहेरीच्या मागच्या सर्व्हिस रेषेपलीकडे पडलेली सर्व्हिस बाहेर धरली जाते, सर्व्हिस परतवल्यानंतर त्याच जागी पडलेले शटल मात्र आत असते.’

गिरीश :
वाक्य चांगले आहे, पण ‘परतवल्यानंतर’ ऐवजी ‘घेणाऱ्याने शटलला रॅकेट लावल्यानंतर’ असे हवे. घेणाऱ्याची रॅकेट नुसती लागली आणि शटल त्याच्याच बाजूला पडले तर ती सर्व्हिस परतवली असे कोणी म्हणणार नाही, तरीही ती बाहेर गेली असे म्हणता येणार नाही.

विश्वास :
ही दुरुस्ती जरूर करावी. रॅकेटला शटल निसटते लागले आणि मग ते त्या मधल्या पट्टीत पडले, तर गुण सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच जातो. असे निसटते स्पर्श खेळाडू पुष्कळदा मान्य करत नाहीत, आणि आवाजही प्रत्येक वेळी ऐकू येत नाही.

श्रीनिवास :
माझ्या पायाविषयीचे उत्तर पटले. मात्र ‘फॉल्ट’ला मराठी शब्द कोणी सुचवला नाही. ‘चूक’ म्हटले तर फटका चुकला असे वाटते.

अनुराधा :
तो शब्द मीही सोडून दिला आहे आणि सध्या ‘फॉल्ट’ असेच ठेवले आहे. ‘दोष’ वापरून पाहिला, पण ‘पाय रेषेला लागल्यास दोष’ हे वाक्य कानाला बरे लागत नाही. मागच्या पट्टीचा शब्दही अजून हवा आहे.